टेम्पो आत्ता कुठे आहे? स्वतः बांधायच्या वाहन-ट्रॅकरचा आढावा

मायक्रोकंट्रोलर, जीपीएस मोड्यूल आणि सिमकार्ड बसणारे मोडेम हे तिन्ही भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. जोडणीच्या आकृत्या आणि तयार कोडही सहज सापडतात. खिडकीपाशी टेबल मांडून बसले, तर सुटीच्या एका दिवसात पहिला बिंदू सर्व्हरवर उमटतो. इथवरचा भाग सोपा आहे. तोच संच गाडीत बसवला, की काही दिवसांत नकाशावर विचित्र गोष्टी दिसू लागतात. गाडी बोगद्याच्या तोंडाशी तासभर उभी दिसते, रात्री अंगणात लावलेली गाडी काही किलोमीटर चाललेली दिसते, तर कधी एका मिनिटात तिने सगळा घाट पार केलेला दिसतो. यात उपग्रहांचा दोष फार क्वचित असतो. गडबड होते ती बिंदू मिळाल्यापासून तो सर्व्हरच्या तक्त्यात नोंदला जाईपर्यंतच्या वाटेवर. म्हणून या लेखात भागांच्या यादीपेक्षा त्या वाटेकडे जास्त लक्ष दिले आहे.

उदाहरणासाठी भोरचा एक दूध-टेम्पो डोळ्यांसमोर ठेवू. संध्याकाळी तो वरंधा घाटाच्या वाटेवरच्या हिरडोशी खोऱ्यातून कॅन गोळा करून भोरला आणतो आणि मध्यरात्रीनंतर निघून पहाटे पुण्याच्या पेठांत दूध पोचवतो. मालकाला तीन गोष्टी हव्या आहेत: टेम्पो आत्ता कुठे आहे, कोणत्या गावात किती वाजता पोचला, आणि आज किती किलोमीटर चालला. वरवर पाहता तिन्ही प्रश्न एकच वाटतात, पण यंत्राकडून त्यांची अपेक्षा वेगवेगळी आहे. पहिल्यासाठी ताजा बिंदू हवा आणि तो किती ताजा आहे हेही कळायला हवे. दुसऱ्यासाठी मध्ये खंड नको. तिसऱ्यासाठी गाडी उभी असताना यंत्राने तिला चालवू नये.

भागांच्या निवडीत फार वेळ घालवण्याची गरज नाही. आर्डुइनो उनो शिकायला चांगला, पण त्याला हार्डवेअर सिरियल पोर्ट एकच आहे आणि इथे बोलणारे दोघे आहेत, जीपीएस आणि मोडेम. दुसरे पोर्ट सॉफ्टवेअरने तयार केले, तर मोडेम बोलत असताना जीपीएसची अक्षरे गळतात. शिवाय त्याची रॅम अवघी २ किलोबाइट. ईएसपी३२ मध्ये तीन हार्डवेअर पोर्ट आणि ५२० किलोबाइट रॅम आहे, म्हणून मी तोच घ्यायला सांगेन. जीपीएससाठी यू-ब्लॉक्सचे निओ-६एम सर्वत्र मिळते. ते सेकंदाला एक बिंदू देते, पण फक्त अमेरिकन जीपीएसचे उपग्रह ऐकते. हिरडोशीसारख्या खोऱ्यात अर्धे आकाश डोंगरांनी झाकलेले असते. तिथे एम८ किंवा त्यानंतरच्या पिढीचे मोड्यूल एकाच वेळी अनेक देशांचे उपग्रह ऐकते, आणि जास्तीच्या पैशांचे मोल लगेच दिसते. मोडेममध्ये सिम८००एल सर्वांत स्वस्त, पण ते केवळ टूजीवर चालते आणि जिओचे टूजी जाळेच नाही. त्यामुळे नवे काही बांधायचे तर ए७६७० सारखे फोरजी कॅट-१ मोडेम घ्यावे. घेताना भारतातले ३, ५ आणि ४० हे बँड त्यात आहेत ना, हे त्याच मोड्यूलच्या माहितीपत्रकात पाहावे, कारण या मालिकेत वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे अवतार आहेत. या मोडेमचे मूळ लॉजिक १.८ व्होल्टचे आणि ईएसपी३२चे ३.३ व्होल्टचे. घेतलेल्या बोर्डवर लेव्हल शिफ्टर आहे, एवढी खात्री करून मगच तारा जोडाव्यात.

खरा कस लागतो तो विजेशी. टेबलावर यूएसबीतून शांतपणे ५ व्होल्ट मिळतात, गाडीत तसे नसते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो. सेल्फ मारताना तोच दाब ७-८ व्होल्टपर्यंत कोसळू शकतो, आणि रिले किंवा मोटर बंद होताना क्षणभर कित्येक पटींनी उसळतो. बाजारात सर्रास मिळणारा एलएम२५९६चा कन्व्हर्टर ४० व्होल्टपर्यंतच टिकतो. त्याच्या आधी बॅटरीपाशीच १ ते २ अँपियरचा फ्यूज, मग उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड आणि त्यानंतर उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड हवा. १२ व्होल्टच्या गाडीसाठी एसएमबीजे२४ए चालतो. तो २४ व्होल्टपर्यंत गप्प असतो आणि मोठ्या उसळीत दाब ३८.९ व्होल्टला धरून ठेवतो, म्हणजे ४०च्या थोडासा आत. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची वायरिंग असते. तिथे हे गणित लागू नाही, जास्त दाब सोसणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

दुसरी अडचण मोडेमच्या भुकेची. टूजीवर बोलताना ते अर्ध्या मिलिसेकंदापुरते २ अँपियरपर्यंत ओढते. ए७६७०चे काही अवतार फोरजीची रेंज गेल्यावर टूजीवर उतरतात, तेव्हा त्यांचेही तेच होते. मोडेमला ३.४ ते ४.२ व्होल्ट लागतात. म्हणून त्याच्यासाठी वेगळा कन्व्हर्टर ठेवून तो मल्टिमीटर लावून ४.० व्होल्टवर जुळवावा, आणि १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा कपॅसिटर मोडेमच्या पायांना अगदी चिकटून बसवावा. बारीक, लांब तारा इथे घात करतात, कारण मधल्या तारेतच दाब पडतो. हा दोष ओळखणे सोपे आहे. मोडेम चालू होते, नेटवर्क शोधते, आणि नेमके डेटा पाठवायच्या क्षणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सिम८००एलचा दिवा नोंदणी झाल्यावर तीन सेकंदांतून एकदा लुकलुकतो. तो मध्येच पुन्हा भराभर लुकलुकू लागला, तर सिमकार्डाला दोष देण्याआधी दाब मोजावा. ईएसपी३२ स्वतःच कोसळत असेल, तर सिरियल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` अशी ओळ दिसते.

गाडी उभी असतानाचा खर्चही मोजून ठेवावा. संच सतत जागा ठेवला, तर १२ व्होल्टवर सरासरी ८० मिलिअँपियर लागतात असे धरू. टेम्पोची ५० अँपियर-अवरची बॅटरी कागदावर २६ दिवस पुरेल. पण निम्मी उतरली की सेल्फ फिरेलच असे नाही, म्हणजे भरवसा १३ दिवसांचाच. दुचाकीच्या ५ अँपियर-अवरच्या बॅटरीला हाच संच तीन दिवसांच्या आत रिकामी करेल. उपाय म्हणजे किल्लीनंतरच्या तारेतून ‘गाडी चालू’ हा इशारा घेणे. ती तार थेट मायक्रोकंट्रोलरला न जोडता ऑप्टोकपलरमधून जोडावी, म्हणजे उसळ्या आत येत नाहीत. किल्ली बंद असताना संचाने झोपावे आणि अर्ध्या तासाने एकदा जागे होऊन आपण जिवंत असल्याचे कळवावे.

आता बिंदूकडे येऊ. जीपीएस मोड्यूल दर सेकंदाला साध्या अक्षरांत काही वाक्ये बाहेर टाकते. त्यातले कामाचे वाक्य असे दिसते:

```
$GPRMC,230015.00,A,1831.22400,N,07351.40200,E,21.600,87.40,130624,,,A*6E
```

या एका ओळीत बहुतेक सगळे आले. वेळ २३:००:१५, मग `A` म्हणजे स्थान ग्राह्य (`V` असेल तर अग्राह्य), मग अक्षांश, रेखांश, २१.६ नॉट वेग, ८७.४ अंश दिशा आणि १३ जून २०२४ ही तारीख. शेवटचे `6E` म्हणजे `$` आणि `*` यांच्यामधल्या सर्व अक्षरांचा एक्सॉर. तो जुळला नाही, तर वाटेत एखादे अक्षर बिघडले आहे आणि ते वाक्य सरळ टाकून द्यायचे. बाजारात मिळणारे काही कोड हा तपास गाळतात. मग शेकडो बिंदूंत एखादाच समुद्रात जाऊन पडतो आणि कारण सापडत नाही.

अक्षांशाचा आकडा फसवा आहे. `1831.22400` म्हणजे १८.३१२२४ अंश नव्हे, तर १८ अंश आणि ३१.२२४ मिनिटे. मिनिटांना ६०ने भागले की १८.५२०४ येते. तसेच रेखांश ७३ अंश ५१.४०२ मिनिटे, म्हणजे ७३.८५६७. हा बिंदू पुण्यात शनिवारवाड्याजवळचा आहे. भागाकार न करता केवळ टिंब सरकवले, तर टेम्पो सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि ३६ किलोमीटर पश्चिमेला, तोरण्याच्या वायव्येकडच्या डोंगरांत जाऊन बसतो. ही चूक ओळखायची खूणही आहे. मिनिटे कधीच ६०पर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे नकाशावरचा रस्ता एका ठिकाणी सलग चालतो आणि अंश बदलला की मोठी उडी मारतो. रूपांतर एवढेच:

```
double toDegrees(double ddmm) {
  int deg = (int)(ddmm / 100);
  return deg + (ddmm - deg * 100) / 60.0;
}
```

या वाक्यातली वेळ जागतिक वेळ आहे. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास, म्हणजे हा बिंदू १४ जूनच्या पहाटे ४ वाजून ३० मिनिटे १५ सेकंदांचा. दूध-टेम्पोच्या बाबतीत हे नजरेआड केले, तर पहाटे साडेपाचच्या आधीचा सगळा प्रवास आदल्या दिवसाच्या खात्यावर जातो आणि रोजचा हिशेब मधोमध तुटतो. सर्व्हरवर वेळ जागतिकच साठवावी आणि दाखवताना, तसेच दिवसाचा हिशेब करताना, साडेपाच तास मिळवावेत. यंत्रात बेरीज करून पाठवलेली वेळ पुढे कुणीतरी पुन्हा बदलतो आणि घोळ वाढतो. जुन्या मोड्यूलबद्दल एक सावधगिरी: जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, गेल्या वेळी तो ६ एप्रिल २०१९च्या रात्री आला. फर्मवेअर जुने असेल, तर जागा अचूक आणि तारीख मात्र सुमारे वीस वर्षे मागची, असे घडते. वर्ष भलतेच असेल, तर सर्व्हरने तो बिंदू बाजूला काढून ठेवावा.

बोगद्याच्या तोंडाशी उभ्या दिसणाऱ्या टेम्पोचे कोडेही इथेच सुटते. बरेच जण टायनीजीपीएसप्लस ही लायब्ररी वापरतात, आणि ती चांगली आहे. तिच्यातले `gps.location.isValid()` मात्र एकदा स्थान मिळाले की पुढे खरेच राहते, नंतर उपग्रह दिसेनासे झाले तरी. कात्रजच्या बोगद्यात शिरल्यावर मोड्यूल वेळ सांगत राहते, पण जागा सांगत नाही. लायब्ररी जुनी जागा जपून ठेवते, कोड तिला नवी वेळ चिकटवतो, आणि सर्व्हरला वाटते गाडी थांबली आहे. उपग्रह दिसत नाहीत हे सांगायच्या जागी यंत्र इथे ठामपणे चुकीचे सांगते. माझ्या मते ट्रॅकरमधला सर्वांत मोठा दोष हाच आहे, कारण त्यावरून चालकाला जाब विचारला जातो. उपाय एका अटीचा आहे:

```
if (gps.location.isValid() && gps.location.age() < 2000) {
  savePoint();
}
```

`age()` म्हणजे शेवटचे ग्राह्य स्थान मिळून किती मिलिसेकंद झाले. दोन सेकंदांपेक्षा जुने असेल, तर बिंदू नोंदायचाच नाही. नकाशावर खंड दिसला तरी चालेल. तो खंड खरा आहे.

उभ्या गाडीचे चालणे हा याच्या उलट प्रकार. निओ-६एमच्या माहितीपत्रकात अचूकता २.५ मीटर दिली आहे, पण ती मोकळ्या आकाशाखालची, आणि तिचा अर्थ एवढाच की निम्मे बिंदू त्या वर्तुळात पडतात. शेडखाली किंवा उंच भिंतींमध्ये बिंदू इकडेतिकडे सरकत राहतो. सेकंदाला सरासरी एक मीटर सरकला आणि आपण लागोपाठच्या बिंदूंमधली अंतरे मिळवत गेलो, तर तासाला ३.६ किलोमीटर जमा होतात. कॅन उतरवायला थांबलेला टेम्पो दिवसभरात असे बरेच काही ‘चालतो’, आणि मग डिझेलचा हिशेब जुळत नाही. मोड्यूलने सांगितलेला वेग हा बिंदूंच्या वजाबाकीतून नव्हे, तर लहरींच्या डॉप्लर बदलातून काढलेला असतो, म्हणून उभ्या गाडीसाठी तोच अधिक विश्वासाचा. तो ताशी ३ किलोमीटरच्या खाली असेल आणि किल्ली बंद असेल, तर जागा गोठवावी, अंतर मिळवू नये. अँटेना कुठे बसवली यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सिरॅमिकच्या चौकोनी अँटेनाचे तोंड आकाशाकडे हवे. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली ती चालते, पत्र्याखाली चालत नाही. मोडेमच्या अँटेनापासून आणि कन्व्हर्टरपासून तिला शक्य तितकी लांब ठेवावी.

किती वेळाने बिंदू घ्यावा? ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने दहा सेकंदांत गाडी १६७ मीटर जाते. महामार्गावर हे पुरते, पण घाटातली दोन-तीन वळणे त्यात गिळली जातात आणि रेषा दरीतून जाते. म्हणून दहा सेकंद झाले किंवा दिशा २० अंशांहून जास्त बदलली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बिंदू घ्यावा. दिशेची अट गाडी चालत असतानाच लावायची, कारण उभ्या गाडीची दिशा वाटेल तशी फिरते.

पाठवण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक साधी एचटीटीपी विनंती. ट्रॅकार हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवले, तर ५०५५ क्रमांकाच्या पोर्टवर ते अशी ओळ स्वीकारते:

```
http://SERVER:5055/?id=tempo01&lat=18.520400&lon=73.856700&timestamp=1718319615&speed=21.6
```

`timestamp` म्हणजे १९७०च्या आरंभापासूनचे सेकंद, आणि ते बिंदूच्या वेळेचे, पाठवण्याच्या वेळेचे नव्हेत. वेग इथे नॉटमध्येच अपेक्षित आहे. आपण आधीच ताशी ४० किलोमीटर करून ४० पाठवले, तर नकाशावर ७४ दिसेल. टेम्पोचा वेग जवळजवळ दुप्पट दिसू लागला, तर आधी हे तपासावे. ए७६७० मोडेमला ही विनंती करायला सांगणाऱ्या आज्ञा थोड्याच आहेत:

```
AT+HTTPINIT
AT+HTTPPARA="URL","http://SERVER:5055/?id=..."
AT+HTTPACTION=0
+HTTPACTION: 0,200,0
AT+HTTPTERM
```

चौथी ओळ मोडेमचे उत्तर आहे. त्यातला मधला आकडा २०० असेल तरच बिंदू पोचला. `AT+HTTPACTION=0` नंतर लगेच येणाऱ्या `OK` वर विसंबून बिंदू पुसणारे कोड पुष्कळ दिसतात. ते `OK` फक्त आज्ञा समजल्याचे आहे. सर्व्हर घरच्या संगणकावर ठेवण्याचा मोह टाळावा. बहुतेक घरगुती जोडण्यांना बाहेरून पोचता येईल असा कायमचा पत्ता नसतो. हेच सिमकार्डाचेही आहे. सर्व्हर यंत्राला हाक मारू शकत नाही, यंत्रानेच सर्व्हरला हाक मारायची असते. यंत्राला काही सांगायचे असेल, तर ते त्याच्या हाकेच्या उत्तरात सांगावे.

आता खोऱ्यात जाऊ. समजा संध्याकाळी ५:१०ला हिरडोशीच्या बाजूला रेंज गेली आणि ६:३०ला भोरजवळ परत आली. ८० मिनिटांत दहा सेकंदांच्या हिशेबाने ४८० बिंदू झाले. वेळेला ४ बाइट, अक्षांश आणि रेखांश दशलक्षाने गुणून पूर्णांकात ४-४ बाइट, वेग आणि दिशा २-२, म्हणजे एका बिंदूला १६ बाइट. सगळे मिळून ७,६८० बाइट, ईएसपी३२च्या रॅममध्ये ते सहज मावतात. रॅममध्येच ठेवले आणि मध्ये सेल्फ मारताना संच पुन्हा सुरू झाला, तर मात्र सगळे गेले. म्हणून रेंज नसताना मिनिटाला एकदा, साचलेले बिंदू एकत्र करून फ्लॅशमध्ये लिहावेत. फ्लॅशची एक जागा साधारण एक लाख वेळा पुसता येते. मिनिटाला एकदा, दिवसाचे दहा तास एकाच जागी पुसून लिहीत राहिलो, तर साडेपाच महिन्यांत ती मर्यादा येते. लिटलएफएससारखी फाइल व्यवस्था लिखाण वेगवेगळ्या जागी पसरवते, त्यामुळे तीच वापरावी.

रेंज परत आल्यावर काय आधी पाठवायचे? मी सर्वांत ताजा बिंदू आधी पाठवतो, म्हणजे मालकाला ‘आत्ता कुठे’ याचे उत्तर तत्काळ मिळते, आणि मग साचलेले बिंदू जुन्याकडून नव्याकडे. एकेका विनंतीला दीड सेकंद धरला, तर ४८० बिंदूंना बारा मिनिटे लागतात. स्वतःचा सर्व्हर लिहिला असेल, तर एका विनंतीत साठ बिंदू पाठवून आठ फेऱ्यांत काम उरकते. या पद्धतीत बिंदू सर्व्हरवर क्रमाने येत नाहीत, म्हणून तक्त्यात दोन वेळा लागतात:

```
CREATE TABLE points (
  device TEXT, fix_time INTEGER, recv_time INTEGER,
  lat REAL, lon REAL, speed REAL,
  UNIQUE (device, fix_time)
);
```

`fix_time` म्हणजे बिंदू घेतल्याची वेळ आणि `recv_time` म्हणजे सर्व्हरला मिळाल्याची. काही सर्व्हर फक्त दुसरी वेळ नोंदतात. तिथे ते ४८० बिंदू सगळे ६:३०नंतरच्या बारा मिनिटांत घडल्यासारखे दिसतात आणि टेम्पो घाटातून उडत आल्यासारखा वाटतो. उलट दोन्ही वेळा असतील, तर त्यांतला फरकच बरेच काही सांगतो. फरक दोन-तीन सेकंदांचा असेल तर सारे ठीक, ऐंशी मिनिटांचा असेल तर रेंज नव्हती. ‘शेवटची जागा’ विचारताना सर्वांत मोठा `fix_time` घ्यायचा, शेवटी आलेली ओळ नाही, आणि पडद्यावर त्या जागेशेजारी ती किती मिनिटांपूर्वीची आहे हे लिहायचेच.

`UNIQUE` ही अट का? बिंदू सर्व्हरपर्यंत पोचतो, पण २००चे उत्तर परत येताना रेंज जाते, असे घाटात नेहमी घडते. यंत्राला वाटते बिंदू गेला नाही, आणि ते तो पुन्हा पाठवते. त्याने तसे करायलाच हवे, कारण उलट चूक बिंदू गमावण्याची आहे. सर्व्हरने तो दुसऱ्यांदा आलेला ओळखून गप्प गाळावा आणि तरीही २०० द्यावे. एसक्यूलाइटमध्ये `INSERT OR IGNORE` एवढ्याने हे साधते. तिथे चुकीचा कोड परत दिला, तर यंत्र तोच एक बिंदू अनंतकाळ पाठवत बसते आणि मागचे सगळे अडकते.

मोडेम अधूनमधून गोठते आणि कोणत्याही आज्ञेला उत्तर देत नाही. दहा मिनिटे एकही २०० आले नाही, तर आधी `AT+CSQ` विचारावे. ९९ आले तर रेंजच नाही, वाट पाहावी. १०च्या वरचा आकडा असून काही जात नसेल किंवा उत्तरच येत नसेल, तर मॉस्फेटने मोडेमची वीज तोडून पुन्हा द्यावी. सर्व्हरच्या बाजूनेही चौकशी हवी. किल्ली चालू असलेल्या गाडीकडून वीस मिनिटे काही आले नाही, तर मालकाला संदेश जावा. कित्येकदा कारण साधे असते, सिमचे रिचार्ज संपलेले.

सुरक्षेचा मुद्दा छोटा पण टाळता न येणारा आहे. वरच्या विनंतीत `id=tempo01` ज्याला कळेल, तो कुठूनही खोटे बिंदू पाठवू शकतो. ट्रॅकारमध्ये ओळखक्रमांक लांब आणि अंदाज न येणारा ठेवावा. स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्येक यंत्राला वेगळी गुप्त किल्ली देऊन तिच्या आधारे प्रत्येक संदेशावर सही करावी, आणि एचटीटीपीएस वापरावे. त्याची सुरुवातीची बोलणी काही किलोबाइटची असतात, म्हणून दर दहा सेकंदांना नवी जोडणी न उघडता मिनिटाचे बिंदू एकत्र पाठवावेत.

हा संच काय करू शकत नाही, तेही स्पष्ट असावे. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना भारतात एआयएस-१४० या मानकाचे प्रमाणित यंत्र लागते. त्यात आपत्कालीन बटण, यंत्राची स्वतःची राखीव बॅटरी आणि ठरलेल्या सरकारी सर्व्हरला ठरलेल्या साच्यात माहिती पाठवणे हे सारे येते. घरी बांधलेला संच कितीही चांगला चालला, तरी तो त्याची जागा घेत नाही. चोरीच्या बाबतीतही त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. तार कापली की तो गप्प होतो, आणि स्वस्त जॅमरपुढे जीपीएसची क्षीण लहर टिकत नाही. छोटी लिथियम बॅटरी जोडली, तर निदान ‘वीज तोडली’ एवढा शेवटचा निरोप तो पाठवू शकतो.

आणि टेम्पो चालवणाऱ्याला हे यंत्र बसवल्याचे आधी सांगावे. तो कुठे जेवायला थांबतो, रात्री गाडी कुठे लावतो, सुटीच्या दिवशी कुठे जातो, हे सगळे त्या तक्त्यात उतरते. कामाच्या वेळेबाहेरचे बिंदू न नोंदणे हे कोडमध्ये एका अटीचे काम आहे, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या ओळी पुसणे हे सर्व्हरवर रोज रात्री चालणाऱ्या एका आज्ञेचे. बिंदूंमध्ये खंड दिसला, तर आधी `recv_time`, मग सिग्नलचा आकडा, मग बॅटरीचा दाब पाहावा, आणि चालकाला विचारायची वेळ आलीच तर त्यानंतर. त्यासाठी सिग्नलचा आकडा आणि बॅटरीचा दाब हे दोन रकाने तक्त्यात सुरुवातीपासूनच ठेवलेले बरे.